व्हिएतनामी शब्दांतली चिनी मुळं: लिपी न शिकता अर्थ कसा लावायचा

प्रश्न: कामासाठी हनोईत येऊन सहा महिने झाले. व्हिएतनामी शिकतोय, पण शब्द डोक्यात राहत नाहीत. ऑफिसातले म्हणतात, ६०-७० टक्के शब्द मुळात चिनी आहेत, मुळं ओळखलीस की अर्थ आपोआप कळतो. मला चिनी येत नाही. आधी चिनी लिपी शिकावी लागेल का? आणि मुळं ओळखायची म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर:

लिपी शिकू नका, निदान आत्ता तरी नको. लागणारं कौशल्य मराठी माणसाकडे आधीपासून असतं. 'जलतरण' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचला तरी तुम्ही अडणार नाही, कारण जलाशय, जलवाहतूक, जलप्रदूषण हे शब्द ओळखीचे असतात. त्यासाठी तुम्ही संस्कृत शिकलेले नसता. शिवाय 'जल'चा अर्थ माहीत असूनही हॉटेलात कुणी 'जरा जल द्या' म्हणत नाही, हेही तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. व्हिएतनामीत चिनी मुळांचं स्थान बरचसं असंच आहे. पाण्याला घरात 'नुअक' म्हणतात, आणि 'थ्वी' हे चिनीतून आलेलं मूळ फक्त जोडशब्दांत भेटतं. (मी इथे उच्चार हनोईचे देतो आहे, देवनागरीत बसतील तितके. सूर देवनागरीत उमटत नाहीत, म्हणून जिथे अर्थ सुरावर अवलंबून आहे तिथे वेगळं सांगेन.)

६०-७० टक्क्यांच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. शब्दकोशातले शब्द मोजले की आकडा फुगतो. रोजच्या बोलण्यात हे प्रमाण बरंच कमी आहे. खाणं, झोपणं, जाणं-येणं, भात, हात, डोळा इथे चिनी मुळं तुमच्या उपयोगी पडणार नाहीत. कार्यालय, कारखाना, बातम्या, करारपत्र, रुग्णालय इथे मात्र ती पावलोपावली भेटतात.

इतिहासातलं एवढंच लक्षात ठेवा की हे शब्द एकाच वेळी आले नाहीत. इ. स. पूर्व १११ पासून दहाव्या शतकापर्यंत, मधले उठाव सोडले तर, उत्तर व्हिएतनाम चिनी सत्तेखाली होतं. त्या काळात सुरुवातीला आलेले शब्द लोकांच्या तोंडी झिजून घरचे झाले. पुढे तांग राजवटीच्या अखेरच्या काळात ग्रंथातून शिकवलेले उच्चार पक्के झाले, आणि स्वतंत्र झाल्यावरही व्हिएतनामी विद्वान त्याच उच्चारांत चिनी ग्रंथ वाचत राहिले. शेवटची राजदरबारी परीक्षा १९१९ साली ह्युएला झाली. या दुसऱ्या, ग्रंथातून आलेल्या थराला 'हान व्हिएत' म्हणतात. आपले तत्सम आणि तद्भव डोळ्यांसमोर आणा. जसं 'हस्त' आणि 'हात', तसं 'फॉंग' आणि 'बुओंग'. दोन्हींचा अर्थ खोली आणि मूळही एकच, पण जोडशब्द बनवायला बहुतेक वेळा 'फॉंग' पुढे येतो. 'व्ही' म्हणजे चव आणि 'मुइ' म्हणजे वास, ही जोडीही एकाच चिनी शब्दातून फुटलेली. अर्थाचा अंदाज बांधायला तत्सम थर उपयोगी पडतो, कारण त्याच्यात नियमितपणा आहे. तद्भव थर साध्या शब्दांसारखा पाठ करावा.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका रुग्णालयात जाऊन बघू. मी शिकवताना नेहमी इथूनच सुरुवात करतो.

दारावर 'बेन्ह व्हिएन' लिहिलेलं असतं. 'बेन्ह' म्हणजे आजार, 'व्हिएन' म्हणजे संस्था, मोठी वास्तू. आजाराची संस्था, म्हणजे रुग्णालय. आत गेलं की 'बेन्ह न्यन' दिसतं. 'न्यन' म्हणजे माणूस, म्हणून रुग्ण. भरती होणं म्हणजे 'न्यप व्हिएन', घरी सोडणं म्हणजे 'स्वत व्हिएन'. 'न्यप' आत जाणं आणि 'स्वत' बाहेर पडणं. ही जोडी हाती आली की विमानतळावरच्या 'न्यप कान्ह' आणि 'स्वत कान्ह' या पाट्या वाचता येतात: 'कान्ह' म्हणजे हद्द, म्हणून देशात प्रवेश आणि देशाबाहेर प्रयाण. कारखान्याच्या कागदांवर 'न्यप खौ' आणि 'स्वत खौ' येतं. 'खौ' म्हणजे तोंड, प्रवेशद्वार, बंदराचं मुख. हे शब्द आयात आणि निर्यात. रुग्णालयाच्या दारात शिकलेलं मूळ गोदामात कामाला आलं.

त्याच रुग्णालयात पुढे विभागांच्या पाट्या लागतात. 'ख्वा' म्हणजे शाखा, विभाग. 'ख्वा न्यी' मुलांचा विभाग, 'ख्वा सान' प्रसूतीचा. इथे एक गोष्ट नीट पाहा. वैद्यकाच्या पुस्तकात या शाखेचं नाव 'न्यी ख्वा' असतं, आणि पाटीवर तेच उलटं होऊन 'ख्वा न्यी' बनतं. चिनी रचनेत विशेषण आधी, नाम नंतर, आपल्या मराठीसारखं. मूळ व्हिएतनामी रचनेत नाम आधी, विशेषण नंतर. रुग्णासाठीही दोन्ही शब्द चालतात: 'बेन्ह न्यन' म्हणजे आजार-माणूस, आणि बोलण्यातला 'न्गुओई बेन्ह' म्हणजे माणूस-आजारी. पहिला आपल्या 'रुग्ण'च्या पंक्तीतला, दुसरा 'आजारी माणसा'च्या.

हा उलटा-सुलटा क्रम तुमचं पहिलं आणि सर्वांत भरवशाचं चिन्ह आहे. आपण रेल्वेला आगगाडी म्हणायचो ना? व्हिएतनामच्या दक्षिणेत तिला 'से लुआ' म्हणतात. 'से' म्हणजे गाडी, 'लुआ' म्हणजे आग. शब्दशः गाडी-आग. जुन्या पुस्तकी भाषेत तीच 'ह्वा सा' होती, म्हणजे आग-गाडी, क्रम आपला आणि चिनींचा. विमानतळाचंही तसंच: हल्लीचा शब्द 'सन बाय', अंगण-उडणं, दक्षिणेतला जुना शब्द 'फी च्युअंग', उडणं-मैदान. दोन अवयवांच्या शब्दात पहिला दुसऱ्याचं वर्णन करत असेल तर बहुधा तो हान व्हिएत आहे, आणि उजवीकडून नाम पकडून डावीकडून विशेषण जोडायचं. दुसरा पहिल्याचं वर्णन करत असेल तर रचना देशी.

पण रचना देशी असली म्हणजे अवयवही देशी, असं समजू नका. 'च्युअंग फॉंग' म्हणजे विभागप्रमुख. दोन्ही मुळं चिनी, 'च्युअंग' प्रमुख, 'फी च्युअंग'मधल्या 'च्युअंग'हून सूर आणि मूळ वेगळं, आणि 'फॉंग' खोली किंवा विभाग, पण क्रम व्हिएतनामी. 'हिएउ च्युअंग' म्हणजे मुख्याध्यापक. तिथे प्रमुख शेवटी, क्रम चिनी. कार्यालयात दोन्ही प्रकार रोज कानावर येतील. एक छोटी खूणही जोडीला ठेवा: लिहिताना 'र' अक्षराने सुरू होणारा अवयव हान व्हिएत नसतो. तिथे मूळ शोधण्यात वेळ घालवू नका.

रुग्णालयातल्या पुढच्या दोन पाट्या या पद्धतीची मर्यादा दाखवतात. 'ख्वा नोइ' आणि 'ख्वा न्ग्वाय'. 'नोइ' म्हणजे आत, 'न्ग्वाय' म्हणजे बाहेर. आतला विभाग आणि बाहेरचा विभाग म्हणजे काय? माझे बहुतेक विद्यार्थी आंतररुग्ण आणि बाह्यरुग्ण असा अंदाज करतात. अंदाज तर्काला धरून आहे आणि चुकीचा आहे. 'नोइ' म्हणजे औषधोपचाराची शाखा, 'न्ग्वाय' म्हणजे शस्त्रक्रियेची. मूळ तुम्हाला दारापर्यंत आणतं. आत कोण राहतं ते विचारावं लागतं. पण एकदा विचारलं की विसरायला होत नाही, कारण शब्दाला धरायला जागा असते. याच दोन मुळांनी नातीही सांगितली जातात: 'बा नोइ' म्हणजे वडिलांची आई, 'बा न्ग्वाय' म्हणजे आईची आई. वडिलांकडचं कुळ आतलं, आईकडचं बाहेरचं. परकीय भाषेला 'न्ग्वाय न्गु' म्हणतात.

आणि कान-नाक-घसा विभागाच्या पाटीवर चिनी मूळ शोधू नका. 'ताय मूइ हॉंग', कान नाक घसा, रोजच्या बोलण्यातले तिन्ही शब्द. डोळ्यांच्या विभागाला पुस्तकात 'न्यान ख्वा' म्हणतात, पण पाटीवर बहुधा 'मात' हा साधा 'डोळा' असतो. पेशंटला कळायला हवं ना.

आता खरी अडचण. आजच्या व्हिएतनामी लिपीत एकाच स्पेलिंगमागे कितीतरी चिनी अक्षरं लपलेली असतात. चिनीत ती डोळ्यांना वेगळी दिसत; रोमन लिपीत सगळी एकसारखी. 'थू' घ्या, ज्याच्यावर छोट्या आकड्यासारखं सूरचिन्ह आहे तो. 'थू दो' म्हणजे राजधानी आणि 'थू तुअंग' म्हणजे पंतप्रधान. तिथे 'थू' म्हणजे डोकं, शीर्ष. 'थू कोंग' म्हणजे हस्तकला आणि 'थू तुक' म्हणजे कार्यालयीन प्रक्रिया. तिथे 'थू' म्हणजे हात. 'थू मोन' म्हणजे गोलकीपर आणि 'बाओ थू' म्हणजे सनातनी वृत्तीचा; तिथे 'थू' म्हणजे राखणं. सूरही तोच. आणि सूर चढता केला, 'थू ई', तर तो चौथाच 'थू', पशू, शब्द पशुवैद्यकाचा. इतिहासातलं ठळक उदाहरण म्हणजे 'मिन्ह'. हो ची मिन्ह यांच्या नावातला 'मिन्ह' म्हणजे उजळ, प्रज्ञावान. त्यांनीच १९४१ साली उभी केलेली संघटना व्हिएत मिन्ह, तिच्यातला 'मिन्ह' म्हणजे आघाडी, मैत्रीचा करार. पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात.

यावर उपाय आपण मराठीत करतोच. 'कर' म्हणजे काय असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, करकमलातला की आयकरातला? व्हिएतनामी माणसंही हेच करतात: राजधानीतला 'थू' की हस्तकलेतला 'थू'? म्हणून वहीत मूळ एकटं लिहू नका. प्रत्येक मुळाला एक ओळखीचा शब्द बांधा आणि तोच त्याचं नाव समजा. 'थू दो'तल्या 'थू'चं एक पान, 'थू कोंग'मधल्या 'थू'चं दुसरं. नवा शब्द भेटला की विचारायचं, हा कोणत्या पानावरचा? कळत नसेल तर hvdic.thivien.net वर शब्द सूरचिन्हांसकट टाका. तिथे त्याची चिनी अक्षरं दिसतात. ती वाचता आली नाहीत तरी चालेल. दोन शब्दांतलं अक्षर एकच आहे की वेगळं, एवढं डोळ्यांनी जुळवलं की पान सापडलं. चिनी लिपीचा तुम्हाला सध्या एवढाच उपयोग.

सूरचिन्हं आणि स्वर गाळून लिहायची सवय मात्र आजच सोडा. मेसेज करताना इथले लोकही गाळतात, पण त्यांना शब्द आधीच माहीत असतात. 'हाय क्वान' म्हणजे कस्टम्स आणि 'हाय क्वन' म्हणजे नौदल. चिन्ह गाळलं की दोघांचं स्पेलिंग एक. चिन्हाविना लिहिलेल्या शब्दाचं मूळ ओळखणं जवळपास अशक्य आहे.

दुसरी अडचण जागेची. या लिपीत शब्दांमध्ये नव्हे, प्रत्येक अवयवामध्ये जागा सोडतात, त्यामुळे कोणते दोन अवयव मिळून एक शब्द आहे ते दिसत नाही. भाषाशास्त्राच्या वर्गात एक वाक्य हमखास देतात: 'हॉक सिन्ह हॉक सिन्ह हॉक'. पाच अवयव, दोनच मुळं. 'हॉक' म्हणजे शिकणं, आणि जोडशब्दाच्या शेवटी आला की आपल्या '-शास्त्र'सारखा. 'सिन्ह' म्हणजे जन्म, जीव, आणि शिष्य या अर्थीही. आता फोड करा. 'हॉक सिन्ह', विद्यार्थी. 'हॉक', शिकतो. 'सिन्ह हॉक', जीवशास्त्र. विद्यार्थी जीवशास्त्र शिकतो. मधला 'हॉक' एकटा क्रियापद होऊन उभा राहिला, कारण हे मूळ व्हिएतनामीत मोकळं फिरतं. 'बेन्ह' आणि 'फॉंग'ही मोकळे आहेत. 'न्यन', 'थ्वी', 'स्वत' हे बहुधा जोडीशिवाय येत नाहीत. वहीत प्रत्येक पानावर ही नोंद करा: मोकळं की बांधलेलं. बांधलेलं मूळ दिसलं की त्याची जोडी डावीकडे किंवा उजवीकडे लगेच शोधायची, म्हणजे वाक्य फोडणं निम्म्याने सोपं होतं. आणि बोलताना बांधलेलं मूळ एकटं वापरायचं नाही. तो 'जल द्या'सारखाच प्रकार होईल.

तिसरा धोका चिनी येणाऱ्यांना जास्त असतो, तरी तुम्हालाही माहीत असावा. मी चिनी शिकून व्हिएतनामीकडे आलो. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यातल्या बैठकीत मला 'आम्हाला अडचण येते आहे' असं सांगायचं होतं. शब्द येत नव्हता. चिनीतला अडचणीचा शब्द घेतला, त्याची दोन्ही मुळं व्हिएतनामी उच्चारात बसवली आणि 'खोन नान' म्हणालो. मुळं बरोबर होती, उच्चारही बरोबर होता. पण व्हिएतनामीत हा शब्द 'हलकट, नीच' अशा शिवीचा झाला आहे. समोरचे गप्प झाले, आणि दुभाषा म्हणून माझ्यावरचा त्यांचा विश्वास परत मिळवायला बरेच दिवस गेले. अडचणीला 'खॉ खान' म्हणतात. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की काय होतं ते आठवा: मूळ एक, तिकडे शिक्षण, इकडे दंड. तेव्हापासून माझा नियम आहे की मुळांवरून शब्द वाचावा, ऐकावा, पण स्वतः घडवून बोलू नये. समजून घेताना अंदाज चुकला तर पुढचं वाक्य सावरून घेतं. बोलताना चुकला तर सावरायला कुणी नसतं.

अर्थ सरकण्याचा सौम्य प्रकार रोज भेटेल. डॉक्टरला 'बाक सी' म्हणतात. आजच्या चिनीत याच दोन अक्षरांचा अर्थ पीएच. डी. झालेला माणूस. व्हिएतनामीत पीएच. डी.ला 'तिएन सी' म्हणतात, जी पूर्वी राजदरबारी परीक्षेतली पदवी होती. हनोईच्या व्हान मिएउत, म्हणजे जुन्या विद्यामंदिरात, कासवांच्या पाठीवर उभे ८२ शिलालेख आहेत ना, ते त्या 'तिएन सीं'च्या नावांचे. कार्यालयाला 'व्हान फॉंग', म्हणजे लेखनाची खोली. चिनीत ती विद्वानाची अभ्यासिका होती, इथे फाइली आणि प्रिंटर असलेली जागा झाली. अशा शब्दांत मूळ अर्थ सांगत नाही, पण शब्द का असा आहे ते सांगतं, आणि लक्षात ठेवायला तेवढं पुरतं.

किती मुळं लागतील? माझ्या अनुभवात शंभर-दीडशे पानं नीट भरली की कार्यालयीन मजकूर वाचताना रोज नवे शब्द ओळखू येऊ लागतात. एकदम यादी आणून पाठ करू नका. आधी तुम्हाला येणारे दोन अवयवांचे शब्द काढा, तेच फोडा, आणि प्रत्येक अवयव आणखी दोन शब्दांत सापडला तरच त्याला पान द्या. एकाच शब्दात येणारं मूळ शिकून काही हाती लागत नाही. नव्या शब्दाचा अर्थ आधी पेन्सिलीने लिहा, मग शब्दकोश बघा, आणि चुकला असेल तर खोडू नका. शेजारी बरोबर अर्थ लिहा. 'नोइ' आणि 'न्ग्वाय' माझ्या विद्यार्थ्यांच्या अशाच पक्के होतात.

पहिलं पान 'सान'चं करा. रुग्णालयातल्या 'ख्वा सान'मध्ये तो भेटलाच आहे: जन्माला घालणं, उत्पन्न करणं. तुमच्या कारखान्यात 'सान फम' म्हणजे उत्पादित वस्तू आणि 'सान स्वत' म्हणजे उत्पादन करणं, यातला 'स्वत' ओळखीचा आहे. संध्याकाळी रस्त्यावर निघालात की समुद्री खाण्याच्या दुकानावर 'हाय सान' दिसेल. 'हाय' म्हणजे समुद्र, 'हाय क्वान'मधलाच. प्रवाशांसाठीच्या दुकानावर 'दाक सान' असेल. 'दाक' म्हणजे विशेष, त्या गावची खासियत. आणि जवळपास नक्की एखादी 'बत दोंग सान'ची पाटी असेल. 'बत' म्हणजे न, 'दोंग' म्हणजे हलणं. इथे 'सान' म्हणजे मालमत्ता. हा शब्द शब्दकोशात न पाहता लावून बघा. तुमच्या मराठीत त्याच्यासाठी याच तीन तुकड्यांचा शब्द आहे: स्थावर मालमत्तेला कायद्याच्या भाषेत आपणही 'अचल संपत्ती' म्हणतो.